धृवपद सोडा, पुढे वाचा

पहिला पाऊस पडला की फोटोंखाली त्याच चार-पाच गाण्यांची धृवपदं उगवतात. गाण्यात धृवपद प्रत्येक कडव्यानंतर परत येतं, म्हणून तेच तोंडात बसतं आणि तेच झिजतं. कडव्यांकडे मात्र फारसं कुणी फिरकत नाही.

गझल तर या कामासाठीच घडवल्यासारखी आहे. तिचा प्रत्येक शेर अर्थानं स्वतंत्र असतो, त्यामुळे मधलाच एखादा उचलला तरी तो लंगडा पडत नाही. सुरेश भटांचा ‘एल्गार’ हाती घ्या आणि गाजलेला मतला ओलांडून पुढे वाचा. दोन्ही ओळी मात्र घ्याव्यात. पहिली बहुधा नुसती तयारी करते, घाव दुसरीत असतो.

समजा, फोटोत आजी पागोळ्यांकडे बघत ओट्यावर बसली आहे. पाऊस दिसतोच आहे, मग ओळीत तो पुन्हा कशाला? वाट पाहण्याचा किंवा सरलेल्या वयाचा शेर शोधावा. तो तिच्या फोटोखालून काढून कुठल्याही पावसाळी फोटोला चालत असेल, तर निवड फसली.

खाली नाव कवीचं द्यावं. ‘ये रे घना’ आशा भोसले गायल्या, पण शब्द आरती प्रभूंचे आहेत.