जुने येणे कधी संपते?

एका मंगल कार्यालयाच्या मालकाने कारखानदाराकडून दोन लाख रुपयांच्या खुर्च्या उधारीवर मागवल्या, असे समजू. दोघांनी शब्द पाळला की करार संपला. पण तो इतर मार्गांनीही संपू शकतो, आणि कारखानदाराच्या हाती पुढे काय उरते हे त्या मार्गावर ठरते.

खुर्च्या पोचल्या, पण पैसे देण्याआधी मालकाने कार्यालय विकले. नवा मालक म्हणाला, ‘हे दोन लाख मी देतो.’ कारखानदाराने ते मान्य करून जुन्या मालकाला मोकळे केले. हे नोव्हेशन : जुना करार जाऊन त्याच्या जागी नवा आला. भारतीय करार कायद्याच्या कलम 62 नुसार जुना करार मग पाळावा लागत नाही. नव्या मालकाने पैसे बुडवले तरी जुन्याकडे मागता येत नाहीत. म्हणूनच कारखानदाराची संमती हवीच. दोघा मालकांनी परस्पर ठरवून देणेकरी बदलत नाही.

माल निघण्यापूर्वीच दोघांनी व्यवहार सोडून दिला, तर ते रिसिशन. इथे जुन्याच्या जागी नवे काही येत नाही. आगाऊ रक्कम दिली असेल, तर ती कोणी, कधी परत करायची हे त्याच कागदावर लिहावे. एका पक्षाने करार पाळायला साफ नकार दिला, तर कलम 39 प्रमाणे दुसऱ्याला एकट्यालाही तो संपवता येतो आणि नुकसानभरपाई मागता येते.

सर्वाधिक घोटाळा होतो तो तिसऱ्या मार्गात, अकॉर्ड अँड सॅटिस्फॅक्शनमध्ये. दोन लाख थकले आहेत आणि कारखानदार दीड लाखावर हिशेब मिटवायला तयार होतो. ही तयारी म्हणजे अकॉर्ड; दीड लाख प्रत्यक्ष हाती पडून स्वीकारले जाणे म्हणजे सॅटिस्फॅक्शन. नुसती तयारी झाली आणि पैसे आलेच नाहीत, तर एरवी दोन लाखांचे येणे कायम राहते. मात्र दीड लाख देण्याचे वचनच जुन्या कर्जाऐवजी स्वीकारले असेल, तर ते नोव्हेशन ठरते आणि मागणी दीड लाखापुरतीच उरते.

इंग्लंडमध्ये 1602 च्या पिनेल खटल्यापासून नुसती कमी रक्कम घेऊन पूर्ण कर्ज फिटत नाही. वेगळा मोबदला लागतो. भारतात कलम 63 मुळे त्याची गरज नाही. हैदराबादच्या निजामाच्या मुलाला दागिने विकलेल्या जवाहिऱ्यांचे सुमारे 27 लाख येणे होते. त्यांनी 20 लाख पूर्ण फेड म्हणून स्वीकारले आणि नंतर उरलेल्या रकमेसाठी दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये तो फेटाळला.

त्यामुळे कमी रक्कम घेताना पावतीवर ‘पूर्ण व अंतिम फेड’ की ‘हिशेबापोटी जमा’ हे सहीपूर्वी वाचा. रक्कम चेकने येत असेल, तर तो वटल्यावरच जुने येणे संपेल, असेही लिहून घ्या.