एका प्लॅनमध्ये दोन मुलं?

'हो ताई, एकाच प्लॅनमध्ये दोघंही शिकतील,' असं विक्री प्रतिनिधी फोनवर सांगतो. पावतीवर मात्र नाव एकाच मुलाचं आणि इयत्ताही एकच असते. म्हणून पैसे भरण्याआधीच ईमेल करा: 'मोठी आठवीत, धाकटा पाचवीत आहे. याच शुल्कात धाकट्याला स्वतंत्र प्रोफाइल, पाचवीचे धडे आणि लाइव्ह तास मिळतील का? दोघं एकाच वेळी लॉगिन करू शकतील का? नसल्यास जादा शुल्क किती?' 'भावंडं चालतील' एवढ्या उत्तरावर थांबू नका. त्याचा अर्थ धाकट्याने आठवीचेच व्हिडिओ पाहायचे, इतकाच निघू शकतो. उत्तरच आलं नाही, तर तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार त्याने 48 तासांत पोच द्यायला हवी.