परदेशी निघताना : भाग ५
सुटावरही चालेल, जीन्सवरही चालेल असा ओव्हरकोट

मागच्या भागात आपण कापडाचं वजन आणि अस्तर पाहिलं. या वेळी मापं घेऊ. ओव्हरकोट फसतो तो बहुधा कापडामुळे नाही, मापामुळे.

आपल्याकडे तो निवडायची सवयच नसते. वडिवळे धरणाच्या बाजूला जानेवारीत पहाटे धुकं दाटलं तरी स्वेटर आणि कानटोपीवर भागतं, आणि दहा वाजेपर्यंत तेही उतरवावं लागतं. म्हणून चाकणच्या कारखान्यातला एखादा पोरगा सहा महिन्यांसाठी जर्मनीला निघतो तेव्हा ओव्हरकोटाची ही त्याची आयुष्यातली पहिलीच खरेदी असते. ती होते ऑक्टोबरच्या उकाड्यात, पुण्यातल्या दुकानात, अंगात टी-शर्ट असताना. कोट झकास बसतो. मग तिकडे पहिल्याच मीटिंगला सुटावर तो चढवायला गेलं की बाही दंडात अडकते आणि बटण लागत नाही.

उदाहरणासाठी असाच एक मुलगा धरू. उंची ५ फूट ७ इंच, छाती ३८ इंच. तिकडे आठवड्यातून दोनदा सूट, एरवी जीन्स आणि जाड हुडी. सामानात जागा एकाच ओव्हरकोटाची. दुकानात जाताना त्याने दोन गोष्टी पिशवीत न्यायच्या: सुटातला कोट आणि ती हुडी. आधी सुटावर घालून पाहायचं, मग हुडीवर. हा क्रम उलटा करू नये. सुटावर बसणारा ओव्हरकोट हुडीवर थोडा सैल पडतो, पण चालून जातो. हुडीवर चापूनचोपून बसलेला मात्र सुटावर चढेलच असं नाही.

पहिला प्रश्न उंचीचा. ओव्हरकोटाची उंची मागून मोजतात, कॉलर जिथे जोडलेली असते तिथून खालच्या काठापर्यंत. आपल्या मुलाचा सुटातला कोट साधारण २९ इंच उंचीचा आहे. ओव्हरकोट त्याहून लांब हवाच, कारण आतल्या कोटाचा काठ खालून डोकावला की दोन्ही कपडे उसने आणल्यासारखे दिसतात. मांडीच्या मध्यापर्यंत येणारा ३१-३२ इंची ओव्हरकोट उभं असताना हा काठ झाकतो, पण हात वर केला की तोही वर सरकतो आणि आतला कोट दिसू लागतो. जीन्सवर तो उत्तम, सुटावर काठावर पास. याउलट गुडघ्याखाली जाणारा ४२ इंची ओव्हरकोट सुटावर रुबाबदार दिसतो, पण जीन्स-हुडीवर अवजड वाटतो आणि मध्यम उंचीचा माणूस त्यात बुटका दिसतो. दोन्हीकडे चालणारी उंची या दोहोंच्या मध्ये आहे: गुडघ्याच्या वाटीच्या तीन-चार बोटं वर. या मुलासाठी ती ३६ इंचांच्या आसपास येते. सहा फुटी माणसाला हीच जागा ३९ इंचांच्या जवळपास सापडेल. म्हणून आकडा पाठ करू नये, गुडघा पाहावा.

मागचा कटही इथेच तपासावा. बटणं लावून उभं राहिल्यावर कटाच्या दोन्ही बाजू एकमेकींवर सरळ पडल्या पाहिजेत. त्या फाकत असतील तर ओव्हरकोट कमरेखाली घट्ट आहे, आणि चालताना त्या फटीतून सुटाचा कोट दिसणार.

दुसरा प्रश्न रुंदीचा. इथे बहुतेकजण विचारतात, "मास्तर, आतून सूट घालायचाय, एक साइझ मोठा घेऊ का?" सहसा नको. ३८, ४० असे छातीचे आकडे लिहिलेले ओव्हरकोट आत सूट येणार हे धरूनच बेतलेले असतात. ज्याचा सूट ३८चा, त्याचा ओव्हरकोटही ३८चाच. एक साइझ वाढवला की छातीत जागा होते, पण खांदे दंडावर ओघळतात. अडचण येते ती स्लिम फिट कोटांत आणि एस, एम, एल असे शिक्के असलेल्या कोटांत. तिथे शिक्क्यावर न जाता टेप लावावी. ओव्हरकोट बटणं लावून सपाट पसरायचा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायचं. आपल्या मुलाच्या सुटावरून टेप फिरवली तर ती ४२ इंचांच्या आसपास भरेल. त्यावर तीन-चार इंच सैल, म्हणजे ओव्हरकोट ४५ ते ४६ इंचांचा हवा. कमी असेल तर बटणाभोवती इंग्रजी एक्ससारख्या चुण्या पडतात. आतला कोट चुरगळतो तो वेगळाच.

खरी गोची खांद्यांची. सुटाच्या कोटात खांद्याला पॅड असतात, हुडीत नसतात. खांद्यावर शिवण असलेली नेहमीची बाही सुटाच्या पॅडबाहेर जेमतेम अर्धा इंच यावी असं पाहतात. तोच ओव्हरकोट हुडीवर घातला की पॅडची जागा रिकामी राहते आणि बाहीच्या वरच्या भागात खळगा पडतो. यावर उपाय म्हणजे रॅगलन बाही. हिची शिवण खांद्यावर नसून काखेतून तिरकी गळ्यापर्यंत जाते. वॉटर्लूच्या लढाईत, १८१५ साली, उजवा हात गमावलेल्या लॉर्ड रॅगलन यांच्यावरून हे नाव पडलं. खांद्याची ठरलेली कडाच नसल्याने ती आत पॅड असला तर त्यावर बसते, नसला तर तुमच्या खांद्यावर उतरते. सूट आणि हुडी दोन्ही घालणाऱ्याने एकेरी बटणांचा रॅगलन ओव्हरकोट आधी पाहावा. फक्त सुटावरची ती ताठ, रेखीव ऐट तिच्यात मिळत नाही. ज्याला रोज सूट घालायचाय त्याने शिवलेल्या खांद्याचाच घ्यावा.

बाही हात सोडल्यावर शर्टाचा कफ पूर्ण झाकून अंगठ्याच्या मुळाशी टेकावी. सुटाच्या बाहीपेक्षा ती साधारण एक इंच लांब येते. हुडीवर ती किंचित खाली उतरेल, तेवढं चालतं. मग लोकलमध्ये कडी धरतो तसा हात वर करावा. बाही दोनेक इंच मागे सरकणं ठीक, पण हाताबरोबर ओव्हरकोटाचा काठही वर उचलला जात असेल तर मोंढा फार खाली आहे. असा कोट ठेवून द्यावा. शेवटी मागून कुणाला तरी पाहायला सांगावं. ओव्हरकोटाच्या कॉलरने सुटाची कॉलर झाकली पाहिजे. आणि हुडीचं टोपरं बाहेर काढल्यावर मानेमागे कॉलर उभी फेकली जाता कामा नये.

सगळं जुळणारा कोट क्वचितच मिळतो, म्हणून काय दुरुस्त होतं ते ठाऊक असावं. बाही आखूड करणं सोपं. खालून दीड-दोन इंच कमी होतात, त्याहून जास्त कापलं तर खिसे काठाच्या फार जवळ येतात. बगलेतून घेर थोडा आत घेता येतो, पण वाढवायचा झाला तर शिलाईत माया सोडलेली असावी लागते आणि तयार कोटात ती नावालाच असते. खांदा आणि मोंढा यांच्या वाटेला जाऊ नये. त्यात जवळजवळ पूर्ण कोट उसवावा लागतो, आणि मजुरी देऊनही तो पुन्हा नीट बसेल याची खात्री कुणी देत नाही. तेव्हा दोन कोटांत अडलात तर खांदे जुळणारा, थोडा लांब असलेला घ्या आणि लांबी मास्तरांकडून कमी करून घ्या.

पुढच्या भागात : बर्फात न घसरणारे बूट आणि त्यांच्यासोबतचे मोजे.