घर चालवा मूळ पगारावर

पनवेल, उलवे, करंजाडे पट्ट्यात फ्लॅट विकणाऱ्यांची कमाई सणांवर हलते. पाडवा आणि दसरा-दिवाळीला बुकिंगची गर्दी होते, पितृपक्षात साइट ओस पडते. शिवाय बुकिंग झालं म्हणजे इन्सेन्टिव्ह खिशात आला असं नाही. रेरा कायद्याच्या कलम 13 प्रमाणे करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, म्हणून इन्सेन्टिव्ह बहुधा करारानंतरच सुटतो. त्याआधी ग्राहकाचं गृहकर्ज नामंजूर झालं, तर तोही गेला. अशा पैशाच्या भरवशावर गाडीचा हप्ता घेणं मला सरळ धोक्याचं वाटतं.

यावर आक्षेप येतो, की नुसत्या मूळ पगारात पनवेलमध्ये भागत नाही. बरोबर आहे, पण मग तूट मोजून ठेवावी. समजा पगार 30,000 आणि घरखर्च 34,000 रुपये. वर्षाची तूट 48,000. दिवाळीनंतर कर कापून दीड लाख आले, तर आधी हे 48,000 लिक्विड फंडात ठेवावेत आणि दर एक तारखेला 4,000 काढावेत. उरलेल्या 1,02,000 मधून पहिल्यांदा क्रेडिट कार्डाची थकबाकी, कारण तेवढं व्याज कुठलीच गुंतवणूक खात्रीनं देत नाही. मग सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे 2,04,000, साठेपर्यंत बचत; इंडेक्स फंड त्यानंतर. पुढच्या दिवाळीआधीच ते 48,000 संपले, तर खर्चाचा आकडा चुकीचा धरला होता.