मान टाकणारा पंखा

स्टँडचा पंखा झोपताना नीट तोंडासमोर लावावा आणि मध्यरात्री पाहावं तर तो खाली मान घालून फरशीला वारा घालतोय, हे अनेक घरांत चालतं. मग नॉब आणखी आवळला जातो, पुढे पकडीने पिळला जातो, आणि शेवटी तो नुसताच गरगर फिरू लागतो. पंखा जुना झाला म्हणून अडगळीत टाकण्याआधी हा सांधा उघडून पाहाच. बिघाड बहुधा एका बोल्टचा नाहीतर वायसरचा असतो.

मानेच्या या सांध्यात दोन कान असतात, एक स्टँडचा आणि एक मोटारीचा. बोल्ट दोन्हींच्या आरपार जातो. नॉब आवळला की कान एकमेकांवर दाबले जातात आणि त्या दाबामुळे पुढचं जाळी-पात्यांचं वजन पेललं जातं. मान घसरते म्हणजे हा दाब पुरत नाही. तो का पुरत नाही, हे हातानेच कळतं.

प्लग काढा, एका हाताने पंख्याचं डोकं धरा आणि दुसऱ्या हाताने नॉब फिरवत बोल्टच्या टोकाकडे बघा. नॉब फिरतो पण बोल्ट हलत नाही, तर नॉबच्या आतलं प्लॅस्टिक गेलं आहे. बोल्टही फिरतो पण पुढे सरकत नाही, तर आटे गेलेत किंवा पलीकडचा नट आपल्या खाचेत सोबत फिरतोय. नॉब घट्ट बसतो, तरी मान हळूहळू खाली येते, तेव्हा वायसर तपासायचा.

शेजारच्या एका घरातल्या 400 मिलिमीटरच्या पंख्याचं उदाहरण सांगते. नॉब कच्चून आवळला होता, तरी कान बोटाने हलत होते. बोल्ट काढल्यावर कारण दिसलं. स्प्रिंग वायसर कधीतरी पडून गेला होता. त्याच्या जाडीइतकी जागा मोकळी झाल्यामुळे आटे संपून नॉब अडत होता, पण कानांवर दाब येतच नव्हता. पकडीने पिळून पिळून शेवटचे दोन-तीन आटेही चपटे झाले होते, म्हणून बोल्टही बदलावा लागला.

जुना बोल्ट आणि नट दोन्ही दुकानात न्यावेत. आपल्याकडे दुकानदार दोन सुती म्हणतो तो पाव इंची बोल्ट 6.35 मिलिमीटरचा असतो आणि एम-6 बरोबर 6 मिलिमीटरचा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण एकाचा नट दुसऱ्यावर नीट बसत नाही. दोन फेऱ्यांत अडकतो किंवा सैल हलतो. नवा नट बोटांनी शेवटपर्यंत सहज गेला तरच माप बरोबर. लांबीही जुन्याएवढीच घ्यावी.

बसवताना नॉबच्या लगेच खाली स्प्रिंग वायसर आणि त्याच्याखाली, कानाला टेकून, साधा चपटा वायसर. चपटा वायसर दाब पसरवतो, त्यामुळे कानाचं प्लॅस्टिक खचत नाही. स्प्रिंग वायसर बोल्ट कायमचा जखडून ठेवतो, असं मात्र समजू नये. पंख्याच्या थरथरीने सांधा किंचित सैल पडला की तो उसळून दाब टिकवतो, एवढंच त्याचं काम. दोन कानांच्या मधे काय घालायचं, हे कान पाहून ठरतं. आतून गुळगुळीत असतील तर तिथे फायबरचा वायसर हवा. दाते असतील तर मधे काहीही घालू नका, दाते एकमेकांत बसायलाच हवेत. अशा पंख्याची मान नॉब सैल न करता ढकलली की दातेच झिजतात, आणि मग नव्या बोल्टचाही उपयोग होत नाही.

या सांध्याला तेल लावू नये. मोटारीच्या बुशला घातलेलं तेल ओघळून इथे आलं असेल तर फडक्याने कोरडं पुसून काढा. केवळ एवढ्यानेही घसरणं थांबलेलं मी पाहिलंय. मानेतून जाणारी वायर बोल्टखाली चिमटत नाही ना, हेही बघून घ्यावं.

उंचीचा नॉब वेगळा. त्याच्या स्क्रूचं टोक आतल्या चकचकीत पाइपवर दाबून बसतं आणि तिथेच उभा चरा पडतो. पुढे स्क्रू त्या चऱ्यातूनच घसरत राहतो. आतला पाइप फिरत असेल तर पाव फेरी फिरवून कोरा भाग स्क्रूसमोर आणावा. कॉलरच्या प्लॅस्टिकमधले आटेच गेले असतील, तर नवी कॉलर मिळेपर्यंत पाइप हवा त्या उंचीवर धरून, कॉलरच्या लगेच वर, गॅसच्या नळीला लावतात तसली होज क्लिप घट्ट आवळावी. क्लिप कॉलरवर टेकते आणि पंखा खाली बसत नाही. उंची बदलायची तर दर वेळी स्क्रू ड्रायव्हर घ्यावा लागेल, तेवढी गैरसोय आहे.

कानालाच तडा गेलेला दिसला तर मात्र बोल्ट-वायसरने भागत नाही. सुतळीने बांधून किंवा एम-सील लावून फिरती पाती डोक्याशी ठेवण्यापेक्षा मानेचा पूर्ण भाग बदलून घ्यावा. दुरुस्तीच्या दुकानात जुन्या पंख्यांचे असे भाग अनेकदा मिळून जातात.