काळ्या पाटीवरची पिवळी अक्षरं

मडगाव किंवा थिवी स्टेशनाबाहेर पडा, नाहीतर कळंगुटच्या एखाद्या गल्लीत शिरा, भाड्याच्या स्कूटर ओळीनं उभ्या दिसतात. रंग तेच, कंपन्या त्याच, आरशाला अडकवलेली हेल्मेटंही तीच. पण नंबरप्लेट बघितली की दोन जाती वेगळ्या पडतात. काहींची पाटी काळी आणि त्यावर पिवळी अक्षरं. काहींची पांढरी, काळ्या अक्षरांची, तुमच्या-आमच्या घरच्या गाडीसारखी. दुकानदार म्हणतो, 'दोन्ही चालतात हो, ही जरा स्वस्त पडेल.' पेट्रोल घातलं की दोन्ही खरंच चालतात. फरक कळतो तो गाडी आडवी झाल्यावर.

काळ्या पाटीमागे 1997 ची 'रेंट अ मोटरसायकल' योजना आहे. केंद्रानं मोटार वाहन कायद्याच्या कलम 75 खाली ती आणली. ग्राहकानं स्वतः चालवायची भाड्याची दुचाकी हा त्यामुळे रीतसर परवान्याचा धंदा झाला. काळ्या पाटीची गाडी भाड्यानं देण्यासाठीच नोंदवलेली असते आणि तिचा विमाही त्याच वापराला धरून उतरवायचा असतो. पांढऱ्या पाटीची गाडी मात्र सरकारदरबारी कुणाची तरी घरची गाडी. तिच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' नावाचा एक छोटा परिच्छेद असतो आणि त्यात भाड्यानं देणं वगळलेलं असतं. चारशे-पाचशे रुपये रोजावर तुम्ही ती घेतलीत की पॉलिसीच्या दृष्टीनं तुम्ही कुंपणाबाहेर. पाटीवर विश्वास बसत नसेल तर mParivahan ॲपमध्ये नंबर टाकून बघा. भाड्याच्या गाडीच्या नोंदीत `Motor Cycle/Scooter-Used For Hire` असा प्रकार दिसतो आणि विमा कधीपर्यंत आहे तेही तिथेच कळतं. चावी हातात घेण्याआधीचं हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आता खरी गंमत. 'गाडीचा विमा आहे' असं आपण सहज म्हणतो, पण विमा गाडीकडे बघत नाही, माणसांकडे बघतो. आणि एकाच अपघातातली तीन माणसं त्याला तीन वेगवेगळ्या अंतरांवर दिसतात.

समजा, म्हापशाहून हणजूणला जाताना वळणावरच्या वाळूत स्कूटर घसरली. चालवणारा पडला, मागे बसलेली बायको पडली आणि गाडी रस्त्याकडेनं चालणाऱ्या एका माणसावर जाऊन आदळली. तो पादचारी म्हणजे 'थर्ड पार्टी'. प्रत्येक गाडीचा विमा कायद्यानं सक्तीचा केलाय तो त्याच्यासाठी. म्हणून पॉलिसीची अट मोडलेली असली तरी न्यायालयं पुष्कळदा कंपनीला सांगतात, आधी त्याला भरपाई द्या आणि मग गाडीमालकाकडून वसूल करा. तीनही माणसांत सर्वांत सुरक्षित तोच, ज्याचा या सहलीशी काही संबंधच नव्हता.

मागे बसलेली बायको थोडी लांब आहे. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत दुचाकीवर मागे बसलेली व्यक्ती आपोआप येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्ये स्पष्ट केलं. गाडीच्या नुकसानीसकटची 'पॅकेज' पॉलिसी असेल तर ती येते, असं विमा नियामकानं 2009 मध्ये कंपन्यांना कळवलं. म्हणजे मागच्या सीटवरच्या माणसाचं संरक्षण कागदावरच्या एका शब्दावर अवलंबून. तो शब्द दुकानदाराला विचारावाच लागतो, कारण पाटीवर तो दिसत नाही.

सर्वांत लांब आहे तो चालवणारा, म्हणजे तुम्ही. इथे मला इरकलची एक केस आठवते. साड्यांमुळे आपल्याला ठाऊक असलेलं हे गाव उत्तर कर्नाटकातलं. तिथून एक माणूस मोटारसायकल उसनी घेऊन आपल्या गावी निघाला होता. पुढे लोखंडी पत्रे घेऊन चाललेली बैलगाडी अचानक थांबली, तो तिच्यावर आदळला आणि गेला. त्याच्या घरच्यांनी कोणाची चूक हे सिद्ध न करता मिळणारी भरपाई त्या मोटारसायकलच्या विमा कंपनीकडे मागितली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, गाडी उसनी घेणारा मालकाच्या जागी उभा राहतो आणि मालक स्वतःच स्वतःचा थर्ड पार्टी होऊ शकत नाही. मालक-चालकासाठी पॉलिसीत 15 लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं हे खरं, पण ते आरसीवर नाव असलेल्या माणसाचं. भाड्यानं घेणाऱ्याचं नाव आरसीवर कुठून असणार? चूक दुसऱ्या गाडीची असेल तर तिच्या विमा कंपनीकडे दावा लावता येतो. पण वाळूत तुम्ही एकटेच घसरलात तर काळ्या पाटीचा कागदही तुमच्या मोडलेल्या पायाकडे बघत नाही. त्यासाठी स्वतःच्या नावावरची वैयक्तिक अपघात पॉलिसीच हवी.

लायसन्सचं थोडक्यात आटपतो. कार चालवता येते म्हणून स्कूटर चालवता येते हा आपला समज, कायद्याचा नव्हे. कार्डावर नुसतं एलएमव्ही असेल तर दुचाकीसाठी ते कार्ड नसल्यासारखंच. एमसीडब्ल्यूओजी असेल तर बिनगिअरची स्कूटर चालेल, बुलेट नाही. एमसीडब्ल्यूजी असेल तर दोन्ही. लायसन्सविना चालवण्याचा दंड पाच हजार आहे आणि लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी देणाऱ्या मालकालाही तेवढाच. पण त्याहून महाग गोष्ट म्हणजे वर सांगितलेला सगळा विमा 'वैध लायसन्सधारक चालक' या अटीवर टांगलेला असतो.

हेल्मेटकडे मात्र जरा थांबून बघण्यासारखं आहे. उभ्या स्कूटरवरून माणूस नुसता कलंडला, तरी त्याचं डोकं साधारण 160 सेंटिमीटर उंचीवरून रस्त्यावर येतं. डोक्याला बसणारा धक्का मोजायचा हिशेब आश्चर्य वाटावं इतका सोपा आहे. पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतरानं भागायचं. उघडं डोकं डांबरावर दोनेक मिलिमीटरमध्ये थांबलं असं धरलं, तर भागाकार येतो 800, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या आठशे पट. हेल्मेटच्या कवचाआत थर्माकोलचा थर असतो. तो चेपत जाऊन डोक्याला थांबायला दोन सेंटिमीटर मिळवून देतो. आता भागाकार 80. जीव वाचवण्याचं मुख्य काम वरच्या चकचकीत कवचाचं नाही, त्या थर्माकोलचं आहे. आणि ते काम तो एकदाच करतो, कारण चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही.

भाड्याच्या हेल्मेटची अडचण इथेच आहे. ते आधी किती वेळा आपटलंय हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून आतलं कापड बाजूला सारून बोट फिरवावं. कुठे खळगा, भेग किंवा चपटा चकाकता भाग लागला तर दुसरं मागावं. आयएसआय खूण आणि हनुवटीचा पट्टा हवाच. पट्टा लावून हेल्मेट डावी-उजवीकडे फिरवलं की गालाची कातडीही सोबत ओढली गेली पाहिजे. नुसतं हेल्मेटच फिरलं तर ते तुमच्या मापाचं नाही. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट कायद्यानं लागतं, तेव्हा एका भाड्यात दोन मागायला संकोच नको. नसल्यास दंड एक हजार, शिवाय लायसन्स तीन महिने अपात्र ठरू शकतं.

राहिलं डिपॉझिट, आणि त्यामागचे ओरखडे. एवढा विमा असताना दुकानदार हजार-दोन हजार अडकवून का ठेवतो? समजा, स्कूटरचा बाजूचा प्लॅस्टिकचा पॅनेल फुटला आणि बिल झालं दोन हजार. पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांवर सरसकट 50 टक्के घसारा कापतात. उरले हजार. त्यातून सक्तीची वजावट जाते. एवढ्यासाठी दावा केला की मालकाचा नो क्लेम बोनस गेला, जो 20 टक्क्यांपासून सुरू होऊन 50 पर्यंत चढतो. कुठला शहाणा मालक हा व्यवहार करेल? म्हणून लहानसहान ओरखड्यांच्या बाबतीत विमा असून नसल्यासारखा आणि तुमचं डिपॉझिट हाच खरा विमा, तोही मालकाचा. यात लबाडी असतेच असं नाही. पण एकाच ओरखड्याचे पैसे चार गिऱ्हाइकांकडून वसूल करण्याची सोय मात्र यात आहे.

तिच्यावरचा उतारा म्हणजे फोटो, पण गाडीसमोर उभं राहून काढलेला नव्हे. ओरखडा म्हणजे बारीक चर. समोरून फ्लॅश मारला की चराच्या दोन्ही कडा सारख्याच उजळतात आणि तो नाहीसा होतो. उजेड तिरका आला की एक कड सावली टाकते आणि चर उठून दिसतो. म्हणून गाडी सावलीतून बाहेर काढून घ्या, फ्लॅश बंद ठेवा आणि वाकून कडेनं बघा. बघायचं कुठे हेही ठरलेलं आहे, कारण आडवी पडणारी स्कूटर जमिनीला ठरावीक ठिकाणीच टेकते. ब्रेकच्या दांड्याचं गोल टोक, हँडलचं टोक, आरशाची कड, फूटबोर्डची बाहेरची धार आणि उजव्या बाजूला सायलेन्सरचं आवरण. एकाच बाजूच्या या साऱ्या जागा घासलेल्या असतील तर गाडी पडलेली आहे, मालक काहीही म्हणो. धातूवरचा ताजा ओरखडा चकाकतो, जुन्यात मळ किंवा गंज बसलेला असतो. गाडी परत करताना वाद झाला तर हा फरक बोट ठेवून दाखवता येतो.

व्हिडिओ नंबरप्लेटपासून सुरू करून, न थांबवता गाडीभोवती फिरत, शेवटी किलोमीटरचा आकडा आणि पेट्रोलचा काटा दाखवून संपवा. तो तिथल्या तिथे दुकानदाराला व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे वेळेचा शिक्का दोघांच्याही फोनमध्ये राहतो. मूळ फाइल मात्र फोनमधून पुसू नका. व्हॉट्सॲपवरून गेलेल्या प्रतीत बारीक ओरखडे पुसट होतात आणि मूळ फाइलमधली वेळेची नोंदही सहसा राहत नाही. गाडी परत करताना हाच फेरा पुन्हा मारा, डिपॉझिट हातात पडण्याआधी.

डिपॉझिट म्हणून मूळ लायसन्स किंवा आधार कार्ड मात्र ठेवून देऊ नका. रोख द्या किंवा यूपीआय करा आणि रक्कम चिठ्ठीवर लिहून घ्या. आणि विमा पॉलिसीचा फोटो मागा. तो दाखवायला दुकानदार कां-कूं करू लागला तर पुढच्या दुकानात जा. गोव्यात स्कूटरची दुकानं कमी नाहीत.