गंज एकच, ताटं वेगळी

जिमच्या भाषेत 'कट' म्हणजे स्नायू टिकवून चरबी कमी करण्यासाठी काही आठवडे ठरवून थोडं कमी खाणं. हे एकट्या राहणाऱ्या माणसाला सोपं जातं. पण आपल्या लोधीखेड्यासारख्या गावात, एकत्र कुटुंबात, प्रश्न वेगळाच असतो. आमच्या घरी सहा माणसं. मी ८० किलोचा, दिवसभर खुर्चीत बसून कोड लिहिणारा, सध्या कटवर. धाकटा भाऊ पोलीस भरतीच्या तयारीत, पहाटे धावतो, त्याचं वजन वाढायला हवं. मुलगी सहा वर्षांची, पोट लहान पण वाढ जोरात. सोबत आई, बाबा आणि माझी बायको. सगळ्यांसाठी वेगळा स्वयंपाक करायचा म्हटलं तर आई आणि बायको दिवसभर ओट्यासमोरच उभ्या राहतील.

याचं उत्तर आपल्या भागातल्या जेवणातच आहे. गोळाभात आठवा. चण्याच्या डाळीचे गोळे भातात शिजतात, पण खरा स्वाद येतो तो वाढल्यावर वरून घातलेल्या हिंग-मिरचीच्या गरम फोडणीने. झुणका-भाकर असो की ठेचा, आपण वरून कच्चं तेल घेतोच. म्हणजे तेल ताटात घेण्याची पद्धत आपल्याकडे आधीपासून आहे. ती रोजच्या भाजीला लावायची, एवढंच. गंजात पदार्थ कमी तेलाचा शिजवायचा आणि जास्तीची ऊर्जा ज्याच्या त्याच्या ताटात घालायची.

तेलापासूनच सुरुवात का करायची? मापाचा एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर तेल, साधारण १२० कॅलरी देतं. पोट त्याने भरत नाही, ताटात ते दिसतही नाही. त्यामुळे कटवरच्या माणसाला ते सगळ्यात आधी कमी करता येतं आणि वजन वाढवणाऱ्याला सगळ्यात सहज वाढवता येतं.

आमच्याकडे आठवड्यातून दोनदा होणारी डाळभाजी बघा. सहा जणांसाठी ३०० ग्रॅम तुरीची डाळ आणि अर्धा किलो पालक. डाळ अर्धा तास भिजवून हळद घालून कुकरला लावायची, पालक चिरून नंतर घालायचा, घोटून चिंचेचा कोळ आणि मीठ घालून उकळी आणायची. पूर्वी यावर सहा मोठे चमचे तेलाची फोडणी एकदम पडायची. आता एक चमचा तेलात जिरं, लसूण आणि हिरवी मिरची परतून गंजात घालतो. उरलेल्या पाच चमच्यांत लसूण आणि लाल मिरची तळून ती फोडणी वाटीत वेगळी ठेवतो. शेंगदाणेही गंजात न घालता भाजून बाजूला ठेवतो.

हिशेब असा. डाळ, पालक आणि एक चमचा तेल मिळून गंजात साधारण १,२३० कॅलरी आणि ७५ ग्रॅम प्रथिनं. रिकाम्या गंजाचं वजन एकदा करून ठेवलं आहे. भरलेल्या गंजातून ते वजा केलं की शिजलेली डाळभाजी किती ते कळतं. आमच्याकडे ती जवळजवळ १,८०० ग्रॅम भरते. म्हणजे ३०० ग्रॅमच्या एका वाट्यात सुमारे २०५ कॅलरी आणि साडेबारा ग्रॅम प्रथिनं.

आता माझं ताट. डाळभाजी दीड वाटा, म्हणजे ४५० ग्रॅम. ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकर, साधारण २०० कॅलरी. एक मोठी वाटी, म्हणजे २०० ग्रॅम दही. कच्चा कांदा आणि मुळा हवा तितका. वरून फोडणी नाही. एकूण सुमारे ६३० कॅलरी आणि ३१ ग्रॅम प्रथिनं.

भावाचं ताट. डाळभाजी एक वाटा, त्यावर दोन चमचे फोडणी, तीन भाकरी, आणि शेवटी ३० ग्रॅम शेंगदाणे व गुळाचा २० ग्रॅमचा खडा. एकूण जवळजवळ १,३०० कॅलरी आणि ३७ ग्रॅम प्रथिनं. एकाच गंजातून निघालेली ही दोन ताटं, पण त्याच्या ताटात माझ्या दुप्पट ऊर्जा. मुलीला जास्त भाकर वाढून उपयोग नसतो, तिचं पोट आधीच भरतं. म्हणून तिच्या अर्ध्या वाट्यात एक छोटा चमचा तूप आणि भाकर कुस्करून देतो.

माझ्या ताटात भाकर कमी आणि डाळ जास्त असण्याला कारण आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार सामान्य निरोगी माणसाला दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. व्यायाम करून वजन उतरवणाऱ्याला क्रीडा आहारतज्ज्ञ त्याच्या दुपटीच्या आसपास, साधारण १.६ ग्रॅम सांगतात, कारण कमी खाताना शरीर चरबीबरोबर स्नायूही वापरतं. माझ्यासाठी ते दिवसाला १२८ ग्रॅम होतं. अशी चार जेवणं झाली की ते जवळपास पूर्ण होतं.

हे बिघडतं ते दोन ठिकाणी. पहिलं, वाढताना. डाळ खाली बसते आणि वर पातळ पाणी राहतं. न ढवळता वरून वाढलं तर कटवाल्याच्या वाट्याला पाणी येतं आणि रात्री दहाला तो पुन्हा डबे उघडतो. म्हणून प्रत्येक वेळी तळापासून ढवळून वाढायचं. दुसरं, चमच्याचं माप. घरातल्या पळीत किती मावतं ते पाणी भरून मापाच्या चमच्याने एकदा मोजा. आमची फोडणीची पळी तीन मोठ्या चमच्यांची निघाली. 'एक पळी तेल' म्हणजे ३६० कॅलरी!

गणित जमतंय की नाही हे वजनकाटा सांगतो, पण एका दिवसाचा आकडा नाही. रोज सकाळी वजन करून आठवड्याची सरासरी बघायची. माझी आठवड्याला ४०० ग्रॅमच्या आसपास उतरते, तेवढं पुरे. ती ८०० ग्रॅमच्या वर जाऊ लागली, व्यायामातली वजनं उचलवेनाशी झाली किंवा झोप बिघडली, तर एक भाकर वाढवायची. भावाची सरासरी दोन आठवडे हलली नाही, तर त्याचा एक चमचा फोडणी वाढते. गंजातला पदार्थ मात्र बदलत नाही.

सगळ्याच पदार्थांना ही युक्ती चालत नाही. पुरी, भजी, वडे तेल आतच शोषून घेतात, ते ताटात वेगळं करता येत नाही. सावजी रस्स्यात निम्मा मार्ग आहे. रस्सा थोडा वेळ ठेवला की तर्री वर येते. ती भावाच्या वाटीत जाते, मी खालचा रस्सा घेतो. तरी मसाल्यात मुरलेलं तेल राहतंच, त्यामुळे त्या दिवशी माझी वाटी लहान. आणि मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणारे, मूत्रपिंडाचा आजार असलेले, गरोदर स्त्रिया यांनी भाकर कमी आणि डाळ जास्त हा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. वाढत्या मुलांना तर कटवर ठेवूच नये.

सुरुवात करायची तर एकाच भाजीपासून करा. या आठवड्यात डाळभाजीची फोडणी दोन भागांत करा, मोठा भाग वाटीत काढून मधोमध ठेवा, आणि कोणी किती चमचे घेतले एवढंच मोजा.